चार जीबीच्या कार्डावर ए-फोर आकाराचे चित्र

घरच्या संगणकावर डिफ्यूजनच्या मदतीने चित्र मोठे करायला बसलेल्या बहुतेकांचे काम एकाच ओळीपाशी अडते. पडद्यावर `CUDA out of memory` असे उमटते आणि सगळे थांबते. मग वाटते, की हे काम महागड्या कार्डावाल्यांचे. पण चार जीबी मेमरीच्या साध्या ग्राफिक्स कार्डावरही ए-फोर कागदावर नीट छापता येईल एवढे चित्र तयार होऊ शकते. त्यासाठी मेमरी नेमकी कुठे खर्च होते हे कळायला हवे आणि चित्राचे तुकडे करण्याची किंमत काय पडते हेही.

एक ठोस उदाहरण घेऊ. एक जलरंगातले चित्र आहे. कोकणातले कौलारू घर, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, अंगणात तुळशीवृंदावन, मागे माडांची रांग आणि वर बरेचसे मोकळे आभाळ. मूळ कागद आता नाही, उरली आहे ती जुनी स्कॅन केलेली फाइल, ६२० × ८७७ पिक्सेलांची. ए-फोर कागद इंचाला ७५ ठिपके या हिशेबाने स्कॅन केला की हाच आकार मिळतो. चांगल्या छपाईला मात्र इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. दोन्ही बाजूंनी बरोबर चौपट. नुसते ताणून मोठे केले तर चित्र धूसर दिसते. कौलांच्या कडा, कागदाचा पोत, रंगाचे ओघळ यातले काहीच त्यात नसते. ही बारकाई भरून काढायला इमेज-टू-इमेज डिफ्यूजन वापरायचे आहे. हाताशी संगणक आहे तो चार जीबीचे आरटीएक्स ३०५० कार्ड असलेला लॅपटॉप आणि मॉडेल आहे २०२२ साली आलेले स्टेबल डिफ्यूजन १.५.

चित्रावर आधी गोंगाट, मग सफाई

डिफ्यूजन मॉडेलला एकच काम शिकवलेले असते. गोंगाट मिसळलेले चित्र दिले, की त्यातला गोंगाट कोणता आणि चित्र कोणते हे ओळखायचे. कोऱ्या गोंगाटापासून सुरुवात करून थोडी थोडी सफाई करत गेले, की नवे चित्र तयार होते. इमेज-टू-इमेजमध्ये सुरुवात कोऱ्या गोंगाटापासून होत नाही. आपण दिलेल्या चित्रावर मोजका गोंगाट टाकला जातो आणि मॉडेल तेवढाच काढते. तो काढताना त्या जागी स्वतःच्या समजुतीप्रमाणे बारकाई भरते.

गोंगाट किती टाकायचा हे `Denoising strength` या आकड्यावर ठरते. ० म्हणजे चित्राला हात लावायचा नाही, १ म्हणजे मूळ चित्र जवळजवळ विसरून जायचे. २० पायऱ्या आणि ०.३ असे ठेवले, तर प्रत्यक्षात शेवटच्या साधारण सहाच पायऱ्या चालतात. एवढ्या सहा पायऱ्यांत घराचा आकार बदलत नाही, पण कौलाची कड मात्र नव्याने रेखली जाते. आपल्याला हवे आहे ते एवढेच.

हे सगळे काम थेट पिक्सेलांवर चालत नाही. आधी एक एन्कोडर चित्राला दोन्ही बाजूंनी आठपट लहान करून संक्षिप्त रूपात आणतो. ५१२ × ५१२ च्या चित्राचे ६४ × ६४ होते आणि रंगांच्या तीन थरांऐवजी चार थर राहतात. साठवायच्या आकड्यांची संख्या त्यामुळे ४८ पटींनी घटते. मॉडेल या लहान रूपावर काम करते आणि शेवटी डिकोडर त्याचे पुन्हा पूर्ण चित्र करतो. घरगुती कार्डावर हे तंत्र चालू शकते ते मुख्यतः या युक्तीमुळे.

मेमरी कुठे जाते

पहिला खर्च मॉडेलचाच. सफाई करणाऱ्या मुख्य भागात सुमारे ८६ कोटी आकडे आहेत. प्रत्येक आकडा चार बाइटांत साठवला तर सुमारे ३.४ जीबी लागतात आणि चार जीबीच्या कार्डात चित्राला जागाच उरत नाही. दोन बाइटांत, म्हणजे १६ बिटांत साठवला तर १.७ जीबीत भागते आणि चित्रात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. आजच्या बहुतेक प्रणाली आपोआप १६ बिटच वापरतात. अडचण येते ती जीटीएक्स १६५० किंवा १६६० यांसारख्या कार्डांवर. तिथे १६ बिटांत हिशेब बिघडून चित्र पूर्ण काळे निघते. असे झाले तर `--upcast-sampling` ही सूचना द्यावी.

दुसरा खर्च चित्राच्या आकाराचा आणि खरी मेख इथेच आहे. मॉडेलच्या आत 'अटेन्शन' नावाचा टप्पा असतो. त्यात संक्षिप्त चित्रातला प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याशी ताडून पाहिला जातो. ६४ × ६४ मध्ये ४०९६ ठिपके, म्हणून ताळ्याच्या तक्त्यात सुमारे १ कोटी ६८ लाख नोंदी होतात. हे कार्डाला सहज पेलते. आपले पूर्ण ए-फोर चित्र मात्र संक्षिप्त रूपातही ३१० × ४३८ होते. ठिपके १,३५,७८०, आणि तक्त्यातल्या नोंदी १८०० कोटींच्या वर. दोन बाइटांच्या हिशेबाने असा एकच तक्ता ३७ जीबीचा होतो आणि मॉडेलला असे आठ तक्ते लागतात. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की ही मेमरी सोळापट होते. म्हणूनच ५१२ ला सुरळीत चालणारा संगणक १०२४ ला एकदम कोलमडतो.

यावर पहिला उपाय म्हणजे तो तक्ता कधीच पूर्ण लिहून न काढणे. `xformers` सारखी साधने थोड्या थोड्या नोंदी काढतात, त्या वापरतात आणि टाकून देतात. त्याने मेमरी वाचते, पण आकडेमोड वाचत नाही. पूर्ण ए-फोर चित्रावर या टप्प्यातले काम ५१२ च्या एका चित्राच्या मानाने सुमारे ११०० पट होते. तेच चित्र ५१२ च्या ४८ तुकड्यांत केले, तर काम ४८ पटच राहते. म्हणजे तुकडे केल्याने मेमरीबरोबर वेळही वाचतो.

तिसरा खर्च अगदी शेवटी येतो आणि अनेकांना चकवतो. डिकोडर संक्षिप्त रूपाचे पूर्ण चित्र करतो, तेव्हा पूर्ण आकाराचे २५६ थर त्याला एकाच वेळी मेमरीत धरावे लागतात. ए-फोर चित्रासाठी त्यातली एकच रास ४.४ जीबीची होते. सगळ्या पायऱ्या पार पडल्या, प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली आणि मग मेमरी संपल्याचा संदेश आला, तर दोष डिकोडरकडे आहे असे समजावे. पहिल्याच पायरीला संदेश आला, तर दोष अटेन्शनकडे किंवा मॉडेलकडे.

सेटिंग आणि तुकडे

ऑटोमॅटिक११११ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेब यूआयमध्ये `webui-user.bat` ही फाइल उघडून त्यात ही ओळ लिहायची:

```
set COMMANDLINE_ARGS=--medvram --xformers
```

`--medvram` मुळे मजकूर समजून घेणारा भाग, सफाईचा मुख्य भाग आणि एन्कोडर-डिकोडर असे तीन भाग वेगळे ठेवले जातात. ज्याचे काम चालू असेल तोच कार्डावर येतो, बाकीचे संगणकाच्या साध्या रॅममध्ये थांबतात. त्यामुळे रॅम १६ जीबी असेल तर बरे. `--lowvram` याच्याही पुढे जाऊन मुख्य भागाचेसुद्धा तुकडे पाडते. दोन जीबीच्या कार्डावर दुसरा इलाज नसतो, पण वेग फार घटतो. चार जीबीवर त्याची गरज पडू नये.

सुरू करण्याआधी ब्राउझरच्या जास्तीच्या खिडक्या आणि व्हिडिओ बंद करावेत, कारण तेही कार्डाची मेमरी खातात. कमांड खिडकीत `nvidia-smi` लिहिले की किती मेमरी वापरात आहे ते दिसते. विंडोजवर आणखी एक गोष्ट तपासावी. २०२३ पासूनचे एनव्हिडियाचे ड्रायव्हर कार्डाची मेमरी भरली की उरलेले काम गुपचूप साध्या रॅममध्ये ढकलतात. संदेश काहीच येत नाही, पण काही सेकंदांची पायरी मिनिटावर जाते. वेग असा अचानक कोसळला तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `CUDA - Sysmem Fallback Policy` हा पर्याय शोधून तो `Prefer No Sysmem Fallback` वर न्यावा. मग मेमरी संपली तर निदान स्पष्ट संदेश मिळतो.

आता मुख्य काम. `img2img` च्या पानावर चित्र द्यायचे आणि खालच्या स्क्रिप्टच्या यादीतून `SD upscale` निवडायचे. पट ४, तुकड्यांची सरमिसळ म्हणजे `Tile overlap` ६४, आणि रुंदी-उंची ५१२ × ५१२. या स्क्रिप्टमध्ये रुंदी-उंची म्हणजे एका तुकड्याचा आकार, पूर्ण चित्राचा नव्हे. आधी ताणून मोठे करण्यासाठी `R-ESRGAN 4x+` हा अपस्केलर. पायऱ्या २० आणि `Denoising strength` ०.३. एका वेळी एकच तुकडा चालावा म्हणून `Batch size` १ ठेवायची.

संगणक आधी चित्र २४८० × ३५०८ चे करतो आणि मग त्याचे आडवे सहा, उभे आठ असे ४८ तुकडे पाडतो. शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे गोंगाट, सफाई, डिकोड या चक्रातून जातो आणि शेवटी सामाईक पट्ट्यांत एकाचा रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळून सगळे जोडले जाते. प्रत्येकी सहा पायऱ्या म्हणजे एकूण २८८. एका पायरीला अर्धा सेकंद धरला तर सुमारे अडीच मिनिटे. एन्कोडिंग, डिकोडिंग आणि भागांची कार्डावरची ये-जा धरून पाच-सात मिनिटे मोजावीत. या सगळ्या वेळात कार्डावर ५१२ च्या एका चित्राएवढाच भार असतो. डिकोडरची अडचणही इथे येत नाही, कारण त्यालाही एका वेळी एकच तुकडा मिळतो.

तुकड्याला पूर्ण चित्र दिसत नाही

मोठी रांगोळी काढताना दहाजणांना एकेक चौकोन वाटून दिला आणि शेजारच्याच्या चौकोनाकडे पाहायची बंदी केली, तर काय होईल? इथे तेच होते. प्रत्येक तुकडा मॉडेलसाठी संपूर्ण चित्र असतो आणि प्रॉम्प्ट मात्र सगळ्या तुकड्यांना एकच जातो.

प्रॉम्प्टमध्ये 'माडांच्या सावलीतले कौलारू घर' असे लिहिले, की आभाळाच्या तुकड्यालाही तीच सूचना मिळते. त्या तुकड्यात निळ्या रंगाच्या दोन छटांशिवाय काही नसते. ०.३ वर मॉडेलला फारसे स्वातंत्र्य नसल्याने आभाळ आभाळच राहते. ०.४५ च्या आसपास ढगाच्या कडेला त्रिकोणी आकार डोकावू लागतात आणि ०.६ वर ढगात चिमुकले छप्पर उगवते. जितके मोकळे आभाळ, तितकी अशी घरे. म्हणून तुकड्यांच्या कामात प्रॉम्प्टमध्ये वस्तूंची नावे लिहूच नयेत. साहित्य आणि पोत लिहावा. स्टेबल डिफ्यूजन १.५ चा मजकूर समजणारा भाग मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला असल्याने प्रॉम्प्ट इंग्रजीतच द्यावा लागतो. आपल्या चित्रासाठी एवढा पुरे:

```
watercolor painting, paper texture, soft pigment edges
```

दाराच्या तुकड्यात काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. मूळ फाइलमध्ये दाराची कडी म्हणजे तीन-चार गडद पिक्सेल. अपस्केलर त्यांचा एक गुळगुळीत डाग करतो आणि चौकटीवरचा कागदाचा पोतही पुसून टाकतो. ०.१५ वर तो डाग तसाच राहतो आणि सगळे दार प्लॅस्टिकचे वाटते. ०.३ वर डागाला कड येते, त्याच्याभोवती रंग ओघळल्यासारखा दिसतो आणि लाकडावर कागदाचे कण परत येतात. ०.५ वर कडीचे कुलूप होते आणि शेजारी मूळ चित्रात नसलेली एक खिडकी येऊ लागते. ४८ तुकडे चालवण्याआधी हा प्रयोग करावाच. चित्रातला एक भरगच्च भाग आणि एक रिकामा भाग कापून घ्यावा आणि दोन्ही ०.२, ०.३, ०.४ वर चालवून पाहावे. रिकाम्या भागात काही उगवू लागले, की आपली मर्यादा ओलांडली गेली.

यापेक्षा जास्त बारकाई हवी असेल तर कंट्रोलनेटचे `control_v11f1e_sd15_tile` हे मॉडेल जोडता येते. तुकड्यात मुळात काय आहे हे ते सफाईच्या प्रत्येक पायरीला लक्षात ठेवते. त्यामुळे ०.५ च्या आसपास जाऊनही ढगात घर उगवत नाही. पण १६ बिटांतही ते सुमारे ७०० एमबी घेते. चार जीबीत बसते, मात्र तुकडा ५१२ पेक्षा मोठा करता येत नाही.

जोड आणि रंग

निकाल पाहताना पूर्ण चित्र पडद्यावर मावेल असे पाहू नये. शंभर टक्क्यांवर नेऊन आभाळासारख्या सपाट भागात उभ्या आणि आडव्या रेषा शोधाव्यात. आपल्या चित्रात तुकडे आडवे सुमारे ३९४ आणि उभे ४२८ पिक्सेलांच्या अंतराने सुरू होतात. तेवढ्याच अंतराने फिकट पट्टा किंवा पोतातला बदल परत परत दिसला तर तो जोडच आहे. मग सरमिसळ ६४ वरून ९६ किंवा १२८ करावी. तुकडे वाढतात, वेळ वाढतो, पण जोड विरघळतो. `Ultimate SD Upscale` या वेगळ्या जोडसाधनात फक्त जोडांवरून पुन्हा एक फेरी मारण्याची सोयही आहे.

आभाळ चौकोनाचौकोनांत किंचित वेगळ्या निळ्या रंगाचे दिसत असेल तर कारण वेगळे असते. एन्कोड-डिकोडच्या फेरीत प्रत्येक तुकड्याचा रंग थोडा सरकतो आणि प्रत्येकाचा सारखाच सरकतो असे नाही. सेटिंगमध्ये मूळ चित्राच्या रंगाशी मेळ घालण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा आणि `Denoising strength` थोडी उतरवावी.

दुसरी एक पद्धत आहे मल्टिडिफ्यूजन, २०२३ साली मांडली गेलेली. त्यात तुकडे शेवटी जोडले जात नाहीत. सफाईच्या प्रत्येक पायरीनंतर सामाईक पट्ट्यांची सरासरी काढली जाते, म्हणजे शेजारी तुकडे वाटेतच एकमेकांशी जुळवून घेतात. जोड जवळजवळ दिसत नाहीत. पण शेवटी संपूर्ण चित्र एकदम डिकोड करावे लागते आणि ती ४.४ जीबीची रास पुन्हा समोर येते. म्हणून या पद्धतीबरोबर `Tiled VAE` चालू करावेच लागते. ते डिकोडिंगचेही तुकडे पाडते.

काय करू नये

हे तंत्र हरवलेली माहिती परत आणत नाही, तिथे काय असू शकले असते याचा अंदाज भरते. कौलांवर, पानांवर, जांभ्यावर हा अंदाज चालतो. अक्षरांवर चालत नाही. दुकानाची मराठी पाटी ०.३ वरही देवनागरीसारख्या दिसणाऱ्या निरर्थक रेघोट्या होऊन येते, कारण आठपट लहान केलेल्या रूपात बारीक काना-मात्रा टिकतच नाहीत. असा भाग नुसत्या ताणलेल्या प्रतीतून कापून वर चिकटवावा किंवा पाटी नव्याने लिहावी. लहान चेहऱ्यांचेही तेच. आजी-आजोबांच्या जुन्या फोटोवर हे चालवले तर चेहरा स्वच्छ होईल, पण तो त्यांचा राहणार नाही. कागदपत्रे, पुराव्याचे फोटो आणि माणसांच्या ओळखीशी संबंधित काहीही यातून काढू नये.

नव्या मॉडेलांचा मोहही आवरावा. एसडीएक्सएलचा मुख्य भाग १६ बिटांतही पाच जीबीच्या वर जातो. चार जीबीच्या कार्डावर त्याचे तुकडे सतत आत-बाहेर होत राहतात आणि ४८ तुकड्यांचे काम फारच लांबते. या कामासाठी स्टेबल डिफ्यूजन १.५ पुरेसे आहे.

चित्राची मांडणी, रंग आणि आकार लहान प्रतीतच पक्के करा, कारण तुकड्यांच्या फेरीत ते सुधारत नाहीत. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. आणि मोठे केलेले चित्र कुठे छापले किंवा कुणाला दिले, तर त्यातली बारकाई मॉडेलने भरलेली आहे हे शेजारी स्पष्ट लिहा.